घाबरेपणाचा झटका आणि शेजारचा माणूस

घाबरेपणाचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आता मरणारच असे वाटते. ही भीती खरी असते. म्हणून ‘काही झालेलं नाही, उगाच घाबरू नकोस’ हे वाक्य झटका आलेल्या जोडीदाराला एकटे पाडते. पाणी, वारा, देवाचा अंगारा, दहा प्रश्न असा एकदम केलेला माराही तितकाच जड जातो. शेजारी बसून ‘मी इथेच आहे, हे ओसरेल’ एवढेच म्हणावे. हात धरण्याआधी विचारावे. सांगण्यापेक्षा स्वतःच सावकाश, लांब उच्छ्वास सोडावा; जमल्यास जोडीदार त्या लयीत येतो, नाही आला तर आग्रह नको.

झटका पहिलाच असेल, किंवा छातीतली कळ हातात, जबड्यात जात असेल, तर घरी अंदाज बांधू नये. आमच्या दोडामार्गात असाल, तर ग्रामीण रुग्णालय गाठावे; मोठ्या उपचारांसाठी इथली माणसे गोव्यात बांबोळीला जातातच. हृदय ठीक निघाले, तरी ‘बघ, काही नव्हतं’ म्हणू नये. झटके पुन्हा येऊ लागले, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते; फोन कधी लावायचा, हे जोडीदाराने ठरवावे.