फेब्रुवारीतला चेक

आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी मी कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीच्या ऑडिटला होतो. मार्चअखेरचे हिशेब जवळपास तयार होते. नफा २६ लाख. ऑगस्टमध्ये संचालकांच्या सह्या व्हायच्या, मग ताळेबंद बँकेत जायचा, कारण कॅश क्रेडिटचं नूतनीकरण त्यावर अडलं होतं.

जूनमध्ये बातमी आली. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध एनसीएलटीने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली होती. ३१ मार्चला त्यांच्याकडून ३४ लाख येणं होतं.

"बातमी जूनची," मालक म्हणाले, "मग नुकसान मागच्या वर्षात कसं? पुढच्या वर्षी दाखवू की."

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. सरांनी मला फक्त त्या गिऱ्हाइकाचं खातं काढायला सांगितलं. नोव्हेंबरपासून एकही बिल पूर्ण भरलेलं नव्हतं. फेब्रुवारीत एक चेक परत आला होता.

तेव्हा एएस ४ मधला नियम मला खरा कळला. बातमी कधी आली, हे तो विचारत नाही. ती कशाबद्दल सांगते, हे विचारतो. गिऱ्हाईक मार्चमध्येच बुडत होतं, जूनच्या आदेशाने ते फक्त पक्कं केलं. सह्या व्हायच्या आत कळलं, म्हणून ३१ मार्चचे आकडे बदलायचे. तोच कारखाना मार्चमध्ये धडधाकट असता आणि मे महिन्यात आगीत जळाला असता, तर आकडे तसेच राहिले असते, नुसता उल्लेख करावा लागला असता.

येण्याला तारण नव्हतं, हमी नव्हती. त्यामुळे पूर्ण ३४ लाखांची तरतूद केली. एप्रिलमध्ये त्यांना आणखी ४ लाखांचा माल गेला होता. तेही मी जोडायला निघालो, तर सरांनी थांबवलं. ते येणं ३१ मार्चला नव्हतंच, त्याचं नुकसान नव्या वर्षाचं.

मग गोडाउनमध्ये गेलो. त्या गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे ओतलेली कास्टिंग्ज ३१ मार्चपासून तिथेच पडून होती. वह्यांत किंमत ५ लाख. दुसरं कुणी घेणार नव्हतं, भंगारात २ लाख आले असते. आणखी ३ लाख गेले.

२६ लाखांच्या नफ्याचा ११ लाखांचा तोटा झाला.

मालक बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. बँक काय म्हणेल, हे सगळ्यांनाच दिसत होतं. सर म्हणाले, "बँकेला आपणच आधी सांगू. त्यांनाही एनसीएलटीचा आदेश दिसतोच."

मालकांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि फेब्रुवारीचं पान उघडलं. चेक परत आल्याच्या तारखेखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'माल थांबवायचा का?'

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी पेन मागितलं.