साक्षीदाराचा होकार

बेळगाव-निपाणीकडच्या न्यायालयांतून वकिली करणाऱ्यास तीन भाषांचा संसार एकाच वेळी सांभाळावा लागतो. साक्षीदार मराठीत बोलतो, प्रश्न पुष्कळदा कन्नडात निघतो, आणि जबानीची नोंद कन्नडात किंवा इंग्रजीत होते. एवढ्या ओढाताणीत एखादा अवघड शब्द हरवला तर नवल नाही, असे बाहेरच्या माणसास वाटेल. आमचा अनुभव मात्र उलटा आहे. गहाणखत, वहिवाट, कबजा असले जड शब्द सहसा हरवत नाहीत. त्यांना तिन्ही भाषांत ठरलेले प्रतिशब्द आहेत आणि शिरस्तेदारापासून पक्षकारापर्यंत सर्वांस ते पाठ असतात. हरवतो तो ‘हो’.

हे आमच्या ध्यानी आले ते एका जमिनीच्या दाव्यात. भावाभावांतील वाटणीचा कागद खरा की बनावट, एवढाच वाद होता. आमच्या बाजूचा साक्षीदार सत्तरीच्या घरातला शेतकरी. आपण त्या कागदावर अंगठा उठवलाच नव्हता, ही त्याची बाजू. उलटतपासात प्रतिपक्षाच्या वकिलांनी जरा आश्चर्याच्या सुरात विचारले, “म्हणजे मामा, त्या कागदावर तुम्ही अंगठा उठवला नव्हता?” मामा शांतपणे म्हणाले, “व्हय.” आणि इंग्रजीत मजकूर सांगितला गेला तो असा की, होय, मी त्या कागदावर अंगठा उठवला होता. ज्या गोष्टीच्या नकारावर सारा दावा उभा, तिचाच कबुलीजबाब एका अक्षराने झाला!

आम्ही उठून विनंती केली की, हा प्रश्न व हे उत्तर जसेच्या तसे लिहून घ्यावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १० मध्ये त्याची सोय आहे. जबानी सामान्यतः सलग कथनाच्या रूपाने लिहितात, पण विशेष कारण दिसल्यास एखादा प्रश्न आणि त्याचे उत्तर न्यायालय शब्दशः टिपून घेऊ शकते. न्यायाधीशांनी मामांस पुन्हा विचारले, “अंगठा उठवला होता की नव्हता, तेवढं सांगा.” मामा थोडे चिडलेच. “सायेब, उठवलाच नव्हता. म्हणून तर व्हय म्हनलो!”

मामांचे व्याकरण बिनचूक होते. प्रश्नकर्ता म्हणाला, ‘उठवला नव्हता’. मामा म्हणाले, ‘तुमचे म्हणणे बरोबर’. त्यांच्या होकाराचा रोख विचारणाऱ्याच्या वाक्याकडे होता, घडलेल्या गोष्टीकडे नव्हता. इंग्रजीची रीत निराळी. तेथे ‘यस’ म्हटले की पुढचे वाक्य होकारार्थी असलेच पाहिजे आणि ‘नो’ म्हटले की नकारार्थी. प्रश्न सरळ होता की नकाराने गुंडाळलेला, याची ती भाषा फिकीर करीत नाही. मामांच्या ‘व्हय’चे प्रामाणिक इंग्रजी भाषांतर ‘नो’ हेच होते. ‘हो’चे भाषांतर ‘नो’ करावयाचे, हे ऐकून पुष्कळांस दचकायला होते. आणि दचकण्याच्या भीतीनेच दुभाषा ‘यस’ म्हणून मोकळा होतो.

ह्याच विषयावर जपानी लोकांची फार चेष्टा होते, हे आम्हांस आमच्या भाच्याकडून कळले. तो पुण्यास जपानी शिकला आणि तेथल्याच एका कारखान्यात जपानी तंत्रज्ञांबरोबर काम करतो. इकडून इंग्रजीत विचारावे, ‘नकाशे अजून मिळाले नाहीत काय?’ आणि तिकडून उत्तर यावे, ‘यस’. इकडचे लोक नकाशे मिळाले असे समजून स्वस्थ बसतात, तिकडचे नकाशांची वाट पाहत स्वस्थ बसतात. जपानीत होकाराला ‘हाइ’ आणि नकाराला ‘इइए’ म्हणतात. ‘शोमेइ ओ शिमासेन देशिता का?’ म्हणजे ‘सही केली नाही काय?’ असे विचारल्यावर, ज्याने सही केलेली नाही तो म्हणतो, ‘हाइ, शिमासेन देशिता’. हो, केली नाही. आणि ज्याने केली आहे तो म्हणतो, ‘इइए, शिमाशिता’; नाही, केली. पहिल्याचे इंग्रजी ‘नो’ने सुरू व्हावे, दुसऱ्याचे ‘यस’ने. म्हणजे दोन्ही वेळा पहिला शब्द उलटवावा लागतो.

पण एवढे कळले म्हणून कोणी नकारार्थी प्रश्न दिसला की उत्तर उलटवीत सुटेल, तर तोही फसेल. ‘ओचा ओ नोमिमासेन का?’ ह्याचा शब्दशः अर्थ ‘चहा पीत नाही काय?’ असा होतो. परंतु हा प्रश्न नव्हेच, हे आमंत्रण आहे. येथे ‘हाइ’ म्हणजे ‘हो, घेतो’. नकार व्याकरणात आहे, बोलणाऱ्याच्या मनात नाही. तेव्हा जपानी माणूस वाक्याच्या रूपास उत्तर देतो हे अर्धेच खरे. तो विचारणाऱ्याच्या मनातल्या अपेक्षेस उत्तर देतो. विचारणारा ‘नाही’ असे धरून चालला आहे, की ‘असेल’ असे धरून केवळ अदबीने ‘नाही’ची पुस्ती जोडतो आहे, हे आधी ओळखावे लागते.

आणि हे सारे आम्हां मराठी माणसांस परके कोठे आहे? ‘चहा घेणार नाही का?’ ह्या आग्रहास आपण ‘हो, घेतो की’ म्हणतो. ‘तुम्ही चहा घेत नाही?’ ह्या चौकशीस ‘हो, सोडला’ म्हणतो. ‘तुम्ही तेथे होतात, नाही का?’ ह्यातला ‘नाही’ तर केवळ शोभेचा. कन्नड शेजाऱ्याचा ‘अल्लवा’ हा त्याचाच भाऊ.

तथापि मराठी ही जपानीची जुळी बहीण आहे असेही आम्ही म्हणणार नाही, आणि वकिलास खरी अडचण येथेच आहे. मामांनी ‘व्हय’च्या जागी ‘न्हाई’ म्हटले असते, तरी मराठी कानास अर्थ तोच लागला असता. न्हाई, उठवला नव्हता. जपानी ‘इइए’ म्हणजे प्रश्नकर्त्याचे म्हणणे खोडून काढणे. आपला ‘नाही’ कधी प्रश्नकर्त्यास खोडतो, तर कधी त्याच्या नकाराचा नुसता प्रतिध्वनी असतो. म्हणजे नकारार्थी प्रश्नाला आपल्याकडे सुटा ‘हो’ आणि सुटा ‘नाही’ हे दोन्ही एकच गोष्ट सांगू शकतात. भाषेने ह्यावर उपाय योजला आहे तो वेगळाच. प्रश्नकर्त्यास खरोखर खोडावयाचे असेल तेव्हा मराठी माणूस ‘हो-नाही’च्या भानगडीत न पडता क्रियापद उचलतो आणि त्यास ‘की’ लावतो: ‘उठवला की!’ आमच्या सीमाभागात तर ह्या ‘की’वाचून वाक्य संपत नाही. फ्रेंच मनुष्य अशा वेळी ‘सि’ म्हणतो, जर्मन ‘डोख’ म्हणतो. दोघांजवळही ‘तुम्ही नाही म्हणता, पण आहे’ एवढ्यासाठी राखून ठेवलेला स्वतंत्र शब्द आहे.

इंग्रजीजवळही तो एके काळी होता. सरळ प्रश्नास ‘ये’ व ‘ने’, आणि नकारार्थी प्रश्नास ‘यस’ व ‘नो’, अशी चार उत्तरे जुन्या इंग्रजांत चालत. सर टॉमस मोर हे स्वतः मोठे कायदेपंडित. विल्यम टिंडेलने बायबलच्या भाषांतरात ‘ने’च्या जागी ‘नो’ घातले, म्हणून १५३२ साली त्यांनी त्यास जाहीर दोष दिला. पुढे ही चौकडी मोडली, ‘यस’ आणि ‘नो’ उरले. म्हणजे ज्या सोयीच्या अभावी आमच्या मामांची जबानी उलटली, ती इंग्रजांनी आपल्या हातानेच टाकून दिलेली होती.

अशा लहान शब्दांसाठी केवढी यंत्रणा लागते, ह्याचा नमुना टोकियोच्या युद्धगुन्हेगारांच्या खटल्यात दिसला. मे १९४६ पासून नोव्हेंबर १९४८ पर्यंत चाललेल्या त्या न्यायासनावर आपले राधाबिनोद पाल होते. तेथे भाषांतर तीन पायऱ्यांनी होई. प्रत्यक्ष दुभाषे जपानी. त्यांचे बोलणे तेथल्या तेथे तपासण्यास जपानी वंशाचे अमेरिकन निरीक्षक. आणि त्यांच्याही वर वादग्रस्त शब्दाचा निवाडा देणारे एक मंडळ. आमच्या तालुक्याच्या न्यायालयात ह्या तिन्ही पायऱ्या बहुधा एकाच माणसाच्या खांद्यावर असतात, आणि त्याला दुपारी आणखी चार साक्षीदार घ्यावयाचे असतात!

म्हणून वकिलाने काय करावे? २००२ पासून दिवाणी दाव्यांत सरतपास शपथपत्रावर होतो. साक्षीदाराचा जिवंत आवाज उरला तो उलटतपासातच, आणि नेमका तेथेच नकारार्थी प्रश्न पिकतो. आम्ही स्वतः ‘नव्हता?’, ‘नाही ना?’ असे शेवट टाळतो आणि ‘होता की नव्हता?’ असे विचारतो. मग साक्षीदारास क्रियापद उच्चारल्यावाचून गत्यंतर राहत नाही. प्रश्न दुसऱ्याचा असेल तर सुट्या ‘हो’वर कान ठेवतो. ‘हो’नंतर साक्षीदार गप्प झाला आणि पुढचे उत्तर त्याच्याशी जुळेना, तर गफलत झाली असे निश्चित समजावे. अंगठा उठवल्याचे ‘कबूल’ करणारा मनुष्य लगेच ‘कागद मी पाहिलाच नाही’ म्हणू लागला, तर तो खोटे बोलतो असे ठरवण्यापूर्वी मागचा प्रश्न पाहावा. शेवटची संधी म्हणजे आदेश १८, नियम ६. साक्षीदारास न समजणाऱ्या भाषेत नोंद झाली असेल, तर ती त्याने जबानी दिली त्या भाषेत त्यास समजावून सांगितली पाहिजे. हे काम उरकून टाकण्याची प्रवृत्ती फार आहे. आम्ही ते अडून करून घेतो.

येथे आमच्या न्यायालयी परिभाषेची एक गंमत सांगितली पाहिजे. ‘मी हजर नव्हतो हे म्हणणे खरे नाही’, हा नोंदीचा ठराविक साचा. लोक त्यास हसतात. परंतु विचार केला तर तो अगदी जपानी पद्धतीचा आहे. घटना बाजूस ठेवून तो विधानाच्या खरेखोटेपणास उत्तर देतो आणि ‘यस-नो’चा घोळ समूळ टाळतो. अर्थ त्यात काडीचाही संदिग्ध राहत नाही. मात्र मध्यंतरी एका साक्षीदार बाईंस त्यांची जबानी वाचून दाखवली जात असता, ह्या वाक्याशी येताच त्यांनी हात वर केला आणि विचारले, “व्हय ओ वकीलसाहेब, म्हंजे मी तितं होते का नव्हते?”