वही संपत आली तेव्हा

आम्ही चौघी मावसबहिणी सहा वर्षं एकच गोष्ट लिहीत होतो. एकीने प्रकरण लिहायचं आणि वही दुसरीकडे द्यायची. गोष्ट घडते गिरगावातल्या खोताच्या वाडीत. एका लाकडी घरात वर एकटी मार्था आंटी राहते आणि खाली युसुफचाचांचं शिलाईचं दुकान आहे. मोठ्या आपाचा निकाह ठरला. तीन आठवड्यांत ती मस्कतला जाणार होती, वहीत सोळा पानं उरली होती, आणि गोष्ट तिच्याशिवाय पुरी करायची नव्हती.

आधी नवीन काही लिहिलंच नाही. सगळी वही मोठ्याने वाचली आणि वाचणाऱ्याला जिथे ‘मग?’ असं विचारावंसं वाटेल ते टिपलं. असे एकोणीस प्रश्न निघाले. त्यांतले बरेच एका वाक्याचे होते. माळ्याची हरवलेली किल्ली पिठाच्या डब्यात सापडली की झालं. खरे अडलेले चार होते. आंटीचा मुलगा कोचीनहून परत का येत नाही? दरमहा त्याच्या नावाने मनीऑर्डर कोण करतं? चाचा दुकान का सोडत नाहीत? त्यांच्या भाचीचं लग्न पैशांवाचून का लांबलं?

धाकटीचं म्हणणं, मुलगा परत आणू, सगळे रडतील. पण आधीच्या प्रकरणांत त्याच्या येण्याची काहीच तयारी नव्हती. शेवटच्या पानावर आलेला माणूस उपरा वाटतो.

१९३१ साली इंग्लंडमधल्या डिटेक्शन क्लबच्या लेखकांनी ‘द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल’ ही रहस्यकथा अशीच आळीपाळीने लिहिली. आपलं प्रकरण लिहिताना प्रत्येकाच्या मनात एक निश्चित उत्तर हवं, आणि आधीच्यांनी टाकलेले पेच टाळायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता. तरी अँथनी बर्कलीच्या वाट्याला आलेल्या शेवटच्या प्रकरणाचं नाव ‘पसारा आवरताना’ अशा अर्थाचं आहे! आम्ही तर असा नियमही केला नव्हता. म्हणून उत्तर मागेच शोधलं.

तिसऱ्या प्रकरणात आपाने सहज लिहिलं होतं, चाचा दर महिन्याच्या पाच तारखेला पोस्टात जातात. बस्स! मनीऑर्डर तेच करतात. म्हणून भाचीच्या लग्नाला पैसे पुरत नाहीत, आणि म्हणूनच ते आंटीच्या घराखालचं दुकान सोडत नाहीत. तीन गाठी एकदम सुटल्या. मुलगा आम्ही आणलाच नाही. आंटीला हे ठाऊक आहे का, हाच खरा प्रश्न उरला, आणि सोळांपैकी नऊ पानं त्यालाच दिली.

त्या पानांत कबुलीजबाब नाही. आंटी झगा शिवायला टाकते. चाचा पावती लिहून देतात. ती पावती आणि मनीऑर्डरची चिठ्ठी शेजारी ठेवते. अक्षर एकच, आणि चिठ्ठीवर शिक्का गिरगावचा. दुसऱ्या दिवशी ती भाचीच्या लग्नासाठी आपल्या बांगड्या खाली पाठवते, ‘कोचीनहून आल्या’ असं सांगून.

शेवटची ओळ आपाने लिहिली, निघायच्या आदल्या रात्री. पान अर्धं कोरं राहिलं.