एका पानाची मार्गदर्शिका

कार्यालयातील कोणी एकाने स्वतःची अडचण भागवण्यासाठी तयार केलेले संगणकीय साधन हळूहळू सर्वांच्या वापरात येते आणि त्याबरोबर तेच ते प्रश्नही त्याच्याच टेबलाशी येऊ लागतात. अशा वेळी त्याने लिहिलेली एक-दोन पानांची मार्गदर्शिका पुढे त्याच्या नोकरीइतकीच वर्षे बदलत राहते. मराठी प्रकाशनसंस्थेत जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एखादी छोटी आज्ञावली हे याचे चांगले उदाहरण आहे. जुन्या, म्हणजे युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणक साठवतो ते संकेत रोमन अक्षरांचे व चिन्हांचे असतात आणि फक्त त्यांचे दिसणे देवनागरी असते; म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर लेख उघडताच पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात.

अशा मार्गदर्शिकेचा पहिला मसुदा बहुधा साधनाच्या कर्त्याला जे ठाऊक आहे त्याच क्रमाने लिहिला जातो. आधी युनिकोड म्हणजे काय, मग संकेतांचे तक्ते, मग सर्व पर्याय, आणि प्रत्यक्ष चालवायची ओळ कुठेतरी तिसऱ्या पानावर. हा मसुदा कोणी वाचत नाही, आणि त्यात वाचणाऱ्याचा आळस शोधण्यात अर्थ नाही. जॉन कॅरल या संशोधकाने आयबीएममध्ये शब्दसंस्करण शिकणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला होता. १९९० साली पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या मांडणीचा गाभा असा की माणसे पुस्तिका वाचून मग काम करत नाहीत, ती काम करता करता अडतात आणि अडल्यावर पुस्तिकेकडे वळतात, म्हणून चूक कशी ओळखावी आणि तिच्यातून बाहेर कसे यावे हे पुस्तिकेत असलेच पाहिजे.

हे ध्यानात आले की मार्गदर्शिकेचे शीर्षकच बदलते. साधनाचे नाव जाऊन तेथे ‘लेख उघडल्यावर इंग्रजी अक्षरे दिसतात तेव्हा’ असे, विचारणाऱ्याच्या तोंडचे शब्द येतात. युनिकोडचा इतिहास पूर्ण गळतो, आणि शीर्षकाखाली लगेच चालवायची ओळ येते:

```
python3 badal.py lekh.docx --font shreelipi --out lekh-uni.docx
```

या ओळीतील कोणता शब्द जसाच्या तसा ठेवायचा आणि कोणता आपल्या फाइलप्रमाणे बदलायचा हे स्पष्ट सांगावे लागते, कारण नवखा माणूस सगळी ओळ उतरवतो आणि `lekh.docx` नावाची फाइल सापडत नाही म्हणून परत येतो. त्यापाठोपाठ एक सूचना कारणासह द्यावी लागते: फाइल आधी `.txt` करून घेऊ नये. साध्या मजकुरात कोणता शब्द कोणत्या फॉन्टमध्ये होता ही माहितीच उरत नाही, त्यामुळे लेखात मुळातच इंग्रजीत असलेले नावही साधन देवनागरीचे संकेत समजून बदलते आणि त्याचा भलताच शब्द होतो. कारण न देता केलेली मनाई घाईच्या दिवशी कोणी पाळत नाही.

मात्र सर्वाधिक जागा द्यावी ती निकाल तपासण्याला. ‘रूपांतर नीट झाले का पाहा’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण नीट म्हणजे काय हेच वाचणाऱ्याला माहीत नसते. त्याऐवजी ‘शेतकऱ्यांनी वर्षभर किती कर्ज फेडले’ असे एक वाक्य जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून नमुना फाइल म्हणून सोबत द्यावे, आणि ते बदलून पाहायला सांगावे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षरानंतर; युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा, म्हणजे उच्चाराप्रमाणे असतो. हा क्रम पालटला गेला नाही तर ‘कर्ज’चे ‘कजर्’ आणि ‘वर्षभर’चे ‘वषर्भर’ होते, आणि ‘किती’ची वेलांटी सुटून तिच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ही बिघडलेली रूपे जशीच्या तशी छापली की मुद्रितशोधकाला संकेतांचे तंत्र काही न कळताही दोष ओळखता येतो. याउलट वाक्यातील बहुतेक शब्द बरोबर आणि केवळ ‘ऱ्या’सारखी काही जोडाक्षरे चुकलेली असतील, तर फॉन्टचे कूळ चुकीचे निवडले आहे, म्हणजे `--font` पुढचे नाव बदलून तीच ओळ पुन्हा चालवायची आहे, असे समजावे. हा दुसरा दोष अधिक धोक्याचा, कारण वरवर वाचणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो आणि थेट छपाईत जातो.

पडद्याची चित्रे घालण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. खिडकीचे रूप बदलले की ती जुनी होतात, आणि चित्रातला शब्द शोधूनही सापडत नाही.

पुढे वर्षागणिक या पानात भर पडते ती एकाच वाटेने: कोणी येऊन विचारले की उत्तर तोंडी देऊन झाल्यावर, विचारणाऱ्याच्याच शब्दांत ती ओळ पानावर चढते. नवे लेख थेट युनिकोडमध्ये येऊ लागले की पानाचे वाचक घटतात आणि अखेरीस जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणाचे काम पाहणाऱ्यांपुरते ते उरते. त्यांच्यासाठी तळाशी एवढीच नोंद लागते की चित्र म्हणून चिकटवलेल्या कोष्टकांतील मजकूर हे साधन बदलत नाही, तो हाताने टाइप करावा.