दोन डिशमधलं अंतर

बी.एस्सी.ला असताना माझी ठाम समजूत होती, की दुर्बीण जितकी मोठी तितकं बारीक दिसणार. ती पहिल्यांदा हलली खोडदला. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आम्ही नाशिकहून एसटीने नारायणगावला आणि तिथून जीएमआरटी पाहायला गेलो होतो. 45 मीटर व्यासाच्या एकूण 30 डिश, त्यातल्या 14 मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या तीन दिशांना पार 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. "एवढ्या लांब का हो ठेवल्या?" असं मी तिथल्या एका अभियंत्यांना विचारलं. ते म्हणाले, "डिशच्या आकारानं सिग्नल जास्त गोळा होतो, पोरी. बारकावा येतो तो दोन डिशमधल्या अंतरानं. पटत नसेल तर टीव्हीच्या दोन डिश घेऊन बघ."

आमच्या सरांनी हे मनावर घेतलं. भंगारातून 60 सेंटिमीटरच्या दोन डिश आल्या आणि कॉलेजच्या गच्चीवर पूर्व-पश्चिम लोखंडी पट्टीवर बसल्या. दोन्हींचे सिग्नल एकत्र करून त्यांची तीव्रता लॅपटॉपवर उतरवायची, एवढीच मांडणी. आकाशातल्या उगमापासून दोन डिशपर्यंतचे रस्ते किंचित कमीजास्त असतात. हा फरक पूर्ण तरंगलांबीच्या पटीत असला की सिग्नल एकमेकांना बळ देतात, अर्ध्या तरंगलांबीचा असला की खोडतात. उगम सरकत जातो तसा आलेख वरखाली होतो. आकाशावरच्या या पट्ट्यांची रुंदी λ/B, म्हणजे तरंगलांबी भागिले दोन डिशमधलं अंतर.

सुरुवातीला लाट उमटेचना. एकेक डिश लावली की सूर्य समोरून जाताना छान उंचवटा यायचा; दोन्ही जोडल्या तरी नुसता उंचवटाच. सरांनी त्यावरूनच दोष ओळखला. प्रत्येक एलएनबी आलेली लहर स्वतःच्या ऑसिलेटरने खालच्या वारंवारतेवर आणतो. दोन ऑसिलेटर आपापल्या चालीने चालले, की दोन सिग्नलमधलं कलांतर टिकत नाही. सरांनी दोन्ही एलएनबी उघडले आणि दोघांना एकाच 25 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालवलं. भिंगाखाली डाग देताना त्यांचा हात जराही हलत नव्हता. घाई न करता दोष शोधणं मी त्या दुपारी त्यांच्याकडून शिकले.

मार्चअखेर सूर्य उपग्रहांच्या पट्ट्यापासून पुरेसा उत्तरेला सरकला, तेव्हा खरी निरीक्षणं झाली. साडेबारानंतर, सूर्य माथ्यावरून जाताना. 11 गिगाहर्ट्झजवळ तरंगलांबी 2.7 सेंटिमीटर. डिश 1 मीटर अंतरावर असताना पट्ट्याची रुंदी दीड अंशाच्या आसपास येते. सूर्य मिनिटाला पाव अंश सरकतो, म्हणून एक लाट साधारण सहा मिनिटांत पुरी व्हायला हवी होती, आणि तशीच झाली. अंतर 2 मीटर केलं तर ती तीन मिनिटांवर आली; पण उंचीही बरीच कमी झाली. 3 मीटरवर जेमतेम दिसली. साडेतीन मीटरवर आलेख सपाट. मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. सर म्हणाले, "डिश परत 1 मीटरवर आण." आणली, तर लाट पहिल्यासारखी ठळक.

बिघाड नव्हता, सूर्याची रुंदी दिसत होती. पट्टे सूर्यबिंबाइतके अरुंद होत गेले, की बिंबाचा एक भाग लाट वर नेतो तेव्हा दुसरा ती खाली ओढतो. सूर्य सरळ पट्टीसारखा असता तर लाट 2.9 मीटरवरच मिटली असती. गोल बिंबाच्या कडांकडून कमी येतं, म्हणून ती 1.22 पट पुढे जाते. उलट गणित केलं: 1.22 गुणिले 2.7, भागिले 350. उत्तर अर्ध्या अंशाहून थोडं जास्त, सुमारे 32 कला. एकट्या 60 सेंटिमीटरच्या डिशची नजर तीन अंशांची. तिला सूर्याची रुंदी कधीच कळली नसती.

पुढे मी याच विषयात शिकत गेले, तेव्हा ऋण आणखी मागे जातं हे कळलं. गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिलच्या 32 छोट्या डिश आणवून 1965मध्ये कल्याणला सूर्याच्या निरीक्षणासाठी उभ्या केल्या. जेमतेम पावणेदोन मीटरच्या त्या डिश. पण त्यांची पूर्व-पश्चिम रांग 630 मीटर पसरलेली. 610 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 49 सेंटिमीटर, म्हणजे अडीच-तीन कलांचा बारकावा. नाशिकहून मुंबईला जाताना कल्याण लागतं. लहानपणापासून मी त्या गावावरून जात होते, आणि हे मला ठाऊक नव्हतं. खोडदला त्यांनीच हेच सूत्र 25 किलोमीटरपर्यंत ताणलं. 21 सेंटिमीटर तरंगलांबीला ते जवळजवळ दोन विकलांपर्यंत पोचतं.

आता मी विद्यार्थ्यांना गच्चीवर नेते, तेव्हा दोन डिशची मर्यादाही सांगते. एका अंतरातून आकाशाबद्दल एकच गोष्ट कळते. सूर्यावर डाग कुठे आहे, हे आमच्या पट्टीला सांगता यायचं नाही. त्यासाठी वेगवेगळ्या लांबीच्या आणि दिशांच्या जोड्या लागतात. खोडदच्या 30 डिशमधून त्या 435 होतात, आणि पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी दिशाही बदलत राहते. मुलं विचारतात, मग सर्वांत आधी कोणती जोडी लावायची? मी 1 मीटर सांगते, कारण आमच्या सरांनीही तिथूनच सुरुवात करायला लावली होती.