समकक्षतेचा अर्ज

आमच्या भाचीने इंग्लंडमधून एका वर्षाची एमएस्सी केली. पदवीवर विषय होता ‘ॲनालिटिकल सायन्स’. इथे येऊन तिने बी.एड. केले आणि २०२४ मध्ये सरकारी कनिष्ठ महाविद्यालयाच्या जागेसाठी फॉर्म भरला. पात्रता होती रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी ‘किंवा समकक्ष’. या दोन शब्दांनी आम्हा घरच्यांना चार महिने पळवले.

दिल्लीच्या असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचे प्रमाणपत्र तिच्याकडे होते. (ते काम तेव्हा ही संस्था पाहायची, एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने त्यासाठी स्वतःचे नवे विनियम काढले.) जुलै २०२२ मध्ये भारत-ब्रिटन करार झाल्यावर तिथली एक वर्षाची मास्टर्स इथे धरली जाऊ लागली, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण ते प्रमाणपत्र सांगत होते ते एवढेच, की ही पदवी आपल्याकडच्या मास्टर्सच्या तोडीची आहे. ती रसायनशास्त्राची आहे का, यावर ते गप्प होते. भरती कार्यालयाने नेमके तेच विचारले आणि विद्यापीठाचे पत्र आणायला सांगितले.

आम्ही अर्ज लिहिला: ‘माझ्या परदेशी पदवीस मान्यता मिळावी, ही विनंती.’ तीन आठवड्यांनी तो शेऱ्यासह परत आला, ‘कोणत्या पदवीशी समकक्ष, हे नमूद नाही.’ राग आला. पण शेरा बरोबर होता. विद्यापीठ बोलू शकते ते आपल्या पदवीबद्दल. ही पदवी आमच्या अमुक पदवीसारखी आहे, इतकेच.

दुसऱ्या अर्जात आम्ही सरळ लिहिले, की ही पदवी आपल्या एमएस्सी (रसायनशास्त्र) पदवीशी समकक्ष असल्याचे पत्र सरकारी नेमणुकीसाठी हवे आहे, जाहिरातीची प्रत जोडली आहे. तिकडच्या विद्यापीठाकडून शिक्का मारलेला पूर्ण अभ्यासक्रम मागवला. मग कागदावर मधोमध रेघ मारून डावीकडे त्यांचे पेपर आणि उजवीकडे इथले मांडले. स्पेक्ट्रोस्कोपी, क्रोमॅटोग्राफी जुळले. तिकडचे १८० क्रेडिट, त्यातले ६० प्रकल्पाचे, हेही लिहिले. असेंद्रिय रसायनशास्त्राची बाजू मात्र रिकामी राहिली. तो भाग तिने बीएस्सीला शिकला होता, म्हणून त्या गुणपत्रिकाही लावल्या. अभ्यास मंडळाने हाच तक्ता समोर ठेवून विचार केला, असे नंतर कळले.

मध्येच नावाचे लचांड निघाले. दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘शेख’ आधी, परदेशी पदवीवर शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंगही वेगळे. आमच्या घरात शेख तीन तऱ्हांनी लिहिले जाते, त्याचे कुणाला कधी काही वाटले नव्हते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून दिले. त्यात आठ दिवस गेले.

विद्या परिषदेची मंजुरी होऊन पत्र हाती आले, अल्हम्दुलिल्लाह, अगदी हवे तसे. पण कागदपत्रांची पडताळणी अकरा दिवसांपूर्वीच उरकली होती. मुदत वाढवून मिळाली नाही.

भाची दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पत्राच्या पाच प्रती काढून आणल्या. मूळ पत्र आमच्या कपाटात, घराच्या कागदांसोबत ठेवले आहे. पुढची जाहिरात अजून आलेली नाही.