कुशीवर झोपू न देणारे दुखणे

उजव्या कुशीवर झोपायची सवय अम्मीने लहानपणीच लावली होती. सुन्नत म्हणून ती कधी सुटली नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र रात्री दोन-अडीचच्या सुमारास त्याच कुशीवर जाग येऊ लागली. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, हात लावल्यावर जे हाड लागते, नेमका तिथेच ठणका. नवल म्हणजे डाव्या कुशीवर वळले तरी थोड्या वेळाने दुखायचा तो उजवाच खुबा. दिवसा शाळेचा जिना चढताना आणि खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावले लंगडत पडायची. घरात कुणी संधिवात म्हणाले, कुणी सायटिका.

पौडहून पुण्याला जाऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी आधी विचारले, "एका बोटाने दाखवा, कुठे दुखते?" बोट त्या उंचवट्यावरच गेले. त्यांनी तिथे दाबले आणि मी कळवळले. मग भिंतीला हलका हात लावून उजव्या पायावर अर्धा मिनिट उभे केले. तेवढ्यातच तीच कळ आली. खुब्याचा सांधा झिजला असेल तर दुखणे बहुधा जांघेत असते आणि वाकून मोजे घालणेही अवघड होते. सायटिकाची कळ बहुधा गुडघ्याखाली उतरते, मुंग्या येतात. माझे तसे काही नव्हते. एक्स-रेमध्ये सांधाही चांगला निघाला. कागदावर लिहिले गेले, 'ट्रोकॅन्टरिक बर्सायटिस'.

मांडीच्या हाडाच्या त्या उंचवट्यावर द्रवाची एक चपटी पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. घर्षण कमी करणे हे तिचे काम. तिला सूज आली की बर्सायटिस. पण अलीकडे असे दिसून आले आहे की बहुतेकांच्या दुखण्याचे मूळ पिशवीत नसून तिच्या शेजारच्या कंडरांत असते. कुल्ह्याचे स्नायू ज्या दोऱ्यांनी हाडाला बांधलेले असतात, त्या या कंडरा. चाळिशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, त्या कमकुवत होतात. मांडी शरीराच्या मधल्या रेषेकडे झुकली की त्या हाडावर दाबल्या जातात. डाव्या कुशीवर झोपल्यावरही उजवा खुबा का दुखे, ते इथे कळले. वरचा गुडघा पुढे गादीवर पडतो आणि कंडरा ताणून दाबली जाते.

म्हणून उपचाराची सुरुवात गोळीने नव्हे, उशीने झाली. डाव्या कुशीवर झोपताना गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन पायांमध्ये जाड उशी, नाहीतर पाठीवर झोपून गुडघ्यांखाली उशी. फळ्यासमोर एका पायावर भार टाकून उभे राहणे बंद, पायावर पाय टाकून बसणे बंद. नमाजमध्ये दोन्ही पाय उजवीकडे काढून बसताना उजवी मांडी आत वळते, म्हणून काही महिने खुर्ची घेतली. ज्याला त्रास आहे त्याने जमेल तसे बसावे, ही सवलत आहेच.

दुसरा भाग व्यायामाचा. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर सावकाश उचलायला शिकवले. काही आठवड्यांनी उभ्याने, मग पायरीवर. व्यायामात थोडे दुखले तर चालेल. पण त्या रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी करायचा, हे त्यांचे माप. पाय ओढून ताण देणारे व्यायाम मात्र त्यांनी मना केले, कारण त्यानेही कंडरा दाबलीच जाते.

इंजेक्शनचे काय? ऑस्ट्रेलियातल्या 204 रुग्णांवरील अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनी व्यायाम व सवयींचे शिक्षण घेतलेल्यांपैकी सुमारे 77 टक्के, स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे 58 टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी सुमारे 29 टक्के लोकांनी बरे वाटल्याचे सांगितले. वर्षानंतर इंजेक्शनवाले आणि वाट पाहणारे जवळपास सारखेच होते. व्यायामवाले पुढेच राहिले. म्हणजे झोपच येत नसेल तर इंजेक्शनने काही आठवडे सुटका मिळू शकते, पण त्या काळात व्यायाम सुरू व्हायला हवा. मधुमेह असेल तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना जरूर सांगा, त्यानंतर काही दिवस साखर वाढते. वेदनाशामक गोळ्याही पोट, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मनाने घेऊ नयेत.

मला तीन आठवड्यांत रात्रीची जाग कमी झाली. जिना मात्र तीन महिन्यांनी सोपा झाला. कंडरा सावकाशच सुधारते.

ताप असेल, जागा लाल आणि गरम असेल, पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, वजन घटत असेल किंवा कुशी बदलूनही रात्रीचे दुखणे थांबत नसेल, तर उशी-व्यायामावर दिवस काढू नका. जंतुसंसर्ग, क्षयरोग किंवा हाड मोडणे अशी वेगळी कारणे असू शकतात, आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात.